नऊ पानी अप्रेझल, एक पानी सारांश

जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यासाठी एप्रिल आणि मे हे महिने दुहेरी धावपळीचे असतात. पावसाळ्याआधी शेतात पाइपलाइन टाकायची घाई असते, म्हणून लाइन रात्रंदिवस चालू असते. त्याच वेळी मार्चअखेर वर्ष संपलेले असते आणि सगळ्यांचे अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचे मूल्यमापन, पूर्ण करायचे असते. फॉर्म इंग्रजीत असतो, कॉम्प्युटरमधून नऊ पाने निघतात आणि कर्मचाऱ्याची सही शेवटच्या पानावर होते. आधीची आठ पाने बहुतेक जण उलटत नाहीत. म्हणून एचआरमध्ये बसून मी प्रत्येक फॉर्मचा मराठीत एक पानी सारांश करतो. तो कर्मचाऱ्याच्या हातात मीटिंगच्या आदल्या दिवशी पडतो. एका फॉर्मला साधारण दीड तास लागतो. इथे एकाच फॉर्मचे काम पहिल्यापासून मांडतो. तो एका शिफ्ट सुपरवायझरचा होता, पीव्हीसी वितळवून पाइप काढणाऱ्या एक्स्ट्रुजन लाइनवरच्या.

लिहायला बसण्याआधी मी फॉर्म उलट्या क्रमाने वाचतो. आधी शेवटचे रेटिंग, मग आकड्यांची पुरवणी, मग साहेबांचे शेरे आणि सगळ्यात शेवटी कर्मचाऱ्याने स्वतः भरलेला भाग. सरळ वाचत गेले की त्याने स्वतःबद्दल लिहिलेले डोक्यात बसते आणि पुढचे सगळे त्याच्याशी ताडून पाहिले जाते. सारांश मात्र कंपनीने केलेल्या मूल्यमापनाचा करायचा असतो. त्याचे म्हणणे त्यात येते, पण त्याचे म्हणणे म्हणूनच.

पहिले काम रेटिंगच्या हिशेबाचे. या सुपरवायझरच्या पाच जबाबदाऱ्या, म्हणजे केआरए, होत्या आणि प्रत्येकीचा भार वेगळा होता. उत्पादनाचे लक्ष्य ३०, स्क्रॅप म्हणजे वाया जाणारा माल २५, साइज बदल आणि लाइन बंद राहण्याचा वेळ २०, सेफ्टी व स्वच्छता १५, नवीन ऑपरेटर तयार करणे १०. याच क्रमाने रेटिंग होते ४, २, ३, ४ आणि ५. आता कुणीही कागदावर बेरीज करील ती अशी: चार, दोन, तीन, चार, पाच मिळून अठरा, भागिले पाच, ३.६. फॉर्मवर मात्र ३.४० छापलेले आहे. प्रत्येक रेटिंगला त्याच्या भाराने गुणले की १२०, ५०, ६०, ६० आणि ५० येतात, त्यांची बेरीज ३४० आणि भागिले शंभर म्हणजे ३.४०. पाच मिळाले तिथे भार दहाचा आणि दोन मिळाले तिथे पंचवीसचा. फरक तिथेच पडतो.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते पुढच्या पायरीला कळते. एकूण गुणांत केआरएचा वाटा ७० टक्के आणि वागणूक-कौशल्यांचा ३० टक्के. कौशल्ये चार होती: माणसे सांभाळणे ४, लेखी नोंदी व निरोप २, स्वतःहून पुढाकार ४, अडचण सोडवणे ३. इथे चारही सारख्या भाराची, म्हणून सरासरी ३.२५. आता ३.४० चे ७० टक्के २.३८ आणि ३.२५ चे ३० टक्के ०.९७५. दोन्ही मिळून ३.३५५, फॉर्मवर ३.३६. आमच्याकडे ३.५० पासून रेटिंग ४ धरतात, म्हणून अंतिम रेटिंग ३. पण साध्या सरासरीने ३.६ धरून तोच हिशेब केला तर ३.४९५ येते, ते दोन दशांशांपर्यंत धरले की ३.५०, आणि माणूस चारच्या घरात जातो. म्हणजे घरी बसून त्याने वहीत हिशेब केला तर त्याला खरोखरच वाटेल की आपला एक अंक कापला. म्हणून मी सारांशात भाराचा गुणाकार एका ओळीत देतोच. सगळे गणित नाही, पण स्क्रॅपला २५ भार आहे आणि त्यात २ मिळाल्यामुळे बेरीज खाली आली, एवढे शब्दांत.

सगळे आकडे मी हाताने पुन्हा मोजतो. कॉम्प्युटरची बेरीज चुकत नाही, पण भार चुकीचा भरलेला असू शकतो. वर्षाच्या मध्ये एखादी जबाबदारी बदलली आणि भारांची बेरीज १०० ऐवजी ९५ किंवा ११० राहिली, असे घडते. भारांची बेरीज शंभर आहे का, हे तपासायला अर्धे मिनिट लागते. ते न करता केलेला सारांश चूक जशीच्या तशी पुढे नेतो.

दुसरी गोष्ट शब्दांची. आमची श्रेणी १ ते ५ आणि ३ म्हणजे ‘मीट्स एक्स्पेक्टेशन्स’. याचे मराठी ‘समाधानकारक’ असे केले की वाचणाऱ्याला ते शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे, जेमतेम वाटते. नुसता आकडा दिला तर आणखी वाईट. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के असाच हिशेब सगळे करतात आणि साठ टक्क्यांना आपल्याकडे कुणी पेढे वाटत नाही. म्हणून मी आकडा एकटा कधीच ठेवत नाही. ‘रेटिंग ३, म्हणजे या पदाकडून वर्षभरात जेवढे काम ठरले होते तेवढे झाले’ असे पूर्ण वाक्य लिहितो. ४ साठी ‘ठरल्यापेक्षा जास्त’ आणि २ साठी ‘ठरल्यापेक्षा कमी’. ‘बरे’, ‘चांगले’, ‘उत्तम’ हे शब्द रेटिंगसाठी वापरत नाही. ते माणसाला लागतात आणि कामाबद्दल काहीच सांगत नाहीत.

पण ३ वाईट नाही, एवढे सांगून थांबले की दुसरी चूक होते. आमच्याकडे प्रॉडक्शन इंजिनिअर पदासाठी सलग दोन वर्षे ४ हवेत. म्हणजे हा ३ वाईट नसला तरी एक दार बंद करतो आणि ते माणसाला माहीत असायला हवे. सरकारी नोकरीत याच मुद्द्यावर मोठा निकाल लागलेला आहे. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात बढतीसाठी ‘व्हेरी गुड’ शेरा लागत होता आणि एका वर्षी नोंद ‘गुड’ अशी होती. शेरा वाईट नाही म्हणून तो कर्मचाऱ्याला कळवलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये सांगितले की शेरा चांगला असो की वाईट, प्रत्येक नोंद कळवलीच पाहिजे, कारण ‘गुड’सुद्धा बढती अडवू शकतो. पुढे १४ मे २००९ च्या परिपत्रकाने केंद्र सरकारने पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवणे आणि म्हणणे मांडायला पंधरा दिवस देणे सुरू केले. खाजगी कारखान्याला तो निकाल बांधत नाही, पण त्यातले तत्त्व आम्ही उचलले आहे. म्हणणे मांडायची मुदतही आम्ही पंधरा दिवसांचीच ठेवली आहे.

यानंतर शेरे, आणि जास्त वेळ इथेच जातो. या फॉर्ममध्ये अकरा शेरे होते. प्रॉडक्शन मॅनेजरचे सहा, क्वालिटीकडून दोन, मेंटेनन्सकडून दोन आणि ऑक्टोबरच्या सहामाही आढाव्यातला एक. मी प्रत्येक शेरा वेगळ्या ओळीवर उतरवतो आणि शेजारी तीन गोष्टी लिहितो: कुणाकडून, कोणत्या महिन्याबद्दल, आणि मागे घडलेला प्रसंग कोणता. प्रसंगाचा रकाना रिकामा राहिला की समजायचे, त्या शेऱ्यावर अजून काम बाकी आहे.

उतरवताना जोडवाक्ये तोडावी लागतात. एक शेरा होता, ‘हँड्स-ऑन, बट डिलेज एस्कलेशन’. एकाच ओळीत शाबासकी आणि तक्रार. सुपरवायझर स्वतः हात घालतो ही चांगली गोष्ट, पण बिघाड वर कळवायला उशीर करतो ही वाईट. ओळ तोडली नाही तर सारांश करणारा आपल्या कलाप्रमाणे एकच अर्धा भाग घेतो. तोडल्यावर कळले की पुढाकारात मिळालेले ४ आणि अडचण सोडवण्यात मिळालेले ३ या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत. मशीन गरम ठेवणारा हीटर बँड जळाला की इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी हा स्वतः उघडून बघतो. हौस चांगली आहे, पण तेवढा वेळ लाइन बंद राहते आणि विजेचा धोका वेगळाच. असे तोडून अकरा शेऱ्यांचे चौदा मुद्दे झाले.

चौदांची विभागणी अशी निघाली. माणसे आणि नवीन ऑपरेटर यांबद्दल चार, नोंदी आणि शिफ्ट हातात देण्याबद्दल पाच, बिघाड उशिरा कळवण्याबद्दल तीन, आणि दोन सुटे. पाच आणि तीन पाहून नोंदींची तक्रार सगळ्यात मोठी वाटते. पण प्रसंगाचा रकाना बघितला तर पाचांपैकी तीन मुद्दे जानेवारीतल्या एकाच रात्रीचे होते. त्या रात्री ६३ मिलिमीटरवरून ९० मिलिमीटरवर साइज बदलली. माल ज्यात वितळतो त्या बॅरलच्या झोनचे तापमान, माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग, पाइप ओढणाऱ्या हॉल-ऑफचा वेग हे सगळे रात्रभर जुळवत पहाटे पाइप नीट निघाला, पण रजिस्टरमध्ये फक्त ‘९० एमएम चालू’ एवढेच लिहिले. सकाळच्या शिफ्टने लाइन थोडी थांबवून पुन्हा सुरू केली, सेटिंग माहीत नव्हते, भिंतीची जाडी कमीजास्त येत राहिली आणि तो सगळा माल ग्राइंडरला गेला. मॅनेजरने ते लिहिले, क्वालिटीने लिहिले, आणि मॅनेजरने दुसऱ्या रकान्यात पुन्हा लिहिले. तीन शेरे, पण रात्र एकच. म्हणून विषय ठरवताना मी शेरे मोजत नाही, प्रसंग मोजतो. नोंदींच्या विषयात प्रसंग तीन निघाले: ती रात्र, ऑक्टोबरच्या आढाव्यात नोंदवलेली तशीच एक गोष्ट, आणि क्वालिटीच्या तपासणीत अर्धवट सापडलेल्या नोंदी. विषय खरा होता, पण पाच शेऱ्यांमुळे वाटत होता तेवढा अवाढव्य नव्हता.

महिन्याच्या रकान्याचाही असाच उपयोग होतो. चौदांपैकी नऊ मुद्दे जानेवारी ते मार्चचे होते. फॉर्म एप्रिलमध्ये भरतात, म्हणून ताजे तेवढे आठवते. सारांशात हे दुरुस्त करता येत नाही, कारण नवीन शेरे लिहायचा अधिकार माझा नाही. पण महिने लिहिता येतात. ‘नोंदी अर्धवट असतात’ असे लिहिले की वर्षभर असेच होते असा अर्थ निघतो. ‘ऑक्टोबर आणि जानेवारीत नोंदी अर्धवट आढळल्या’ असे लिहिले की जेवढे आहे तेवढेच राहते.

सुट्या दोन मुद्द्यांपैकी एक सेफ्टीच्या रोजच्या पाच मिनिटांच्या बैठकीचे कौतुक होते. त्याला जोडीला दुसरा प्रसंग नव्हता. एकट्या शेऱ्याला मी विषय म्हणत नाही, पण गाळतही नाही. ‘याशिवाय’ म्हणून एका ओळीत येतो. दुसरा मुद्दा नुसता एक शब्द होता, ‘ॲटिट्यूड’. पुढेमागे काही नाही. असा शब्द तसाच मराठीत आणला की ‘वागणूक’ होते आणि माणसाच्या घरादाराला लागते. मुकाट्याने गाळला तर मूळ फॉर्मवर तो राहतोच आणि पुढच्या वर्षी कुणीतरी दाखवतो. यावर मार्ग एकच: मॅनेजरकडे जायचे आणि विचारायचे, साहेब, हे कोणत्या महिन्यात, काय घडले? त्यांनी सांगितलेला प्रसंग हीटर बँडचाच निघाला. मग त्यांनी फॉर्ममध्येच तो शब्द बदलून ‘बिघाड कळवण्यास उशीर’ असे लिहिले आणि शेजारी सही केली. दुरुस्ती आधी मूळ कागदावर, मग सारांशात. उलटे केले तर दोन कागद दोन गोष्टी सांगू लागतात.

कुणी सांगितले हे सारांशात द्यायचे नाही, हे सगळ्यांना माहीत असते. पण विभागाचे नाव दिले तरी माणूस उघड होतो. रात्रपाळीला इलेक्ट्रिशियन एकच असतो. ‘मेंटेनन्सच्या मते’ असे लिहिले की त्याचे नावच लिहिल्यासारखे. म्हणून तिथे फक्त प्रसंग आणि महिना. तसेच फॉर्मच्या सातव्या पानावर पुढे हा माणूस कुठवर जाईल याचा अंदाज असतो आणि बाकीच्या सुपरवायझरांशी तुलना असते. ते पान व्यवस्थापनाच्या वापराचे, सारांशात त्यातले काहीच येत नाही. पगारवाढीचे पत्र जूनमध्ये वेगळे निघते, म्हणून तिचा आकडाही नाही.

आता स्क्रॅप. रेटिंग खाली ओढणारी जबाबदारी हीच, म्हणून तिला सारांशात जास्त जागा. शेरा होता, ‘स्क्रॅप नॉट अंडर कंट्रोल’. लक्ष्य २.५ टक्के, वर्षाची सरासरी ३.४. पण आठव्या पानावरच्या पुरवणीत सहामाही आकडे होते: एप्रिल ते सप्टेंबर ४.१, ऑक्टोबर ते मार्च २.७. दोन्ही सहामाहीत उत्पादन जवळपास सारखे होते, म्हणून सरासरी ३.४ बरोबर आहे आणि रेटिंगही नियमाप्रमाणे बरोबर आहे. तरीही ‘नियंत्रणात नाही’ हे वाक्य दुसऱ्या सहामाहीला लागू पडत नाही. मी रेटिंगला हात लावत नाही आणि शेऱ्याचा वादही घालत नाही, तिन्ही आकडे शेजारी मांडतो. पुरवणी फॉर्मचाच भाग आहे, त्यामुळे मी बाहेरचे काही आणत नाही.

सुपरवायझरने आपल्या भागात लिहिले होते की एप्रिल ते जूनमध्ये वीज वारंवार ट्रिप होत होती. हे म्हणणे पोकळ नव्हते. लाइन चालू असताना वीज गेली की स्क्रू थांबतो, पण बॅरल गरमच राहतो. पीव्हीसीला ती उष्णता सोसत नाही. आत अडकलेला माल काळा पडतो, जळतो, आणि तो बाहेर काढून पाइपला आकार देणारी डाय साफ केल्याशिवाय चांगला पाइप निघत नाही. प्रत्येक ट्रिपमागे स्क्रॅप ठरलेला. मॅनेजरने मात्र या म्हणण्यावर काहीच उत्तर लिहिले नव्हते. कर्मचाऱ्याच्या कारणाला उत्तर नसलेला फॉर्म मी सारांशाला घेत नाही, परत पाठवतो, कारण मीटिंगमध्ये पहिला प्रश्न तोच येणार असतो. उत्तर आले ते उपयोगाचे होते: ट्रिप तुमच्या हातात नाही हे मान्य, पण वीज आल्यावर बॅरल साफ करण्याऐवजी आधी तशीच लाइन सुरू करून पाहिली जाते, त्यात माल जास्त जळतो, बॅरल साफ करायला लगेच माणूस बोलवायला हवा. म्हणजे स्क्रॅप आणि ‘कळवायला उशीर’ हे दोन वेगळे विषय नव्हतेच. एका सवयीचा खर्च दुसऱ्या रकान्यात पडत होता. सारांशात हा धागा एका वाक्यात आला आणि पुढच्या वर्षीचे काम कशावर करायचे हे तिथेच स्पष्ट झाले.

राहिला पुढच्या वर्षाचा भाग. फॉर्मवर त्याचे नाव ‘ग्रोथ एक्स्पेक्टेशन्स’. त्याचे ‘वाढीच्या अपेक्षा’ असे भाषांतर केले तर कारखान्यात त्याचा अर्थ एकच होतो, पगारवाढ किती मिळेल. कारखान्यात ‘वाढ’ म्हणजे इन्क्रिमेंट. म्हणून मी मथळाच बदलतो: ‘पुढच्या वर्षी काय करायचे, काय शिकायचे’.

क्रियापदाचाही घोळ आहे. ‘नोंदी वेळेवर ठेवाव्यात’ हे भिंतीवरच्या पाटीसारखे वाचले जाते, पाळले तर पाळले. ज्यावर पुढचे रेटिंग ठरणार ते ‘ठेवायच्या आहेत’ असे लिहितो. जे शिकायचे ते ‘शिकायचे आहे’, आणि सोबत त्यासाठी कोण पाठवणार हेही. जिथे फक्त शक्यता आहे तिथे ‘विचार करण्यात येईल’ असे कधीच लिहीत नाही. सरकारी पत्रांच्या सवयीने हात तिकडे वळतो, पण वाचणारा त्याचा अर्थ ‘होणार’ असाच घेतो. इंग्रजीत ‘मे बी कन्सिडर्ड’ होते. मराठीत अट आधी आणि शक्यता नंतर लिहिली की गैरसमज होत नाही: ‘सलग दोन वर्षे रेटिंग ४ मिळाले, तरच या पदासाठी नाव विचारात घेता येते.’

आणि मोजमाप. फॉर्ममध्ये ‘शुड इम्प्रूव्ह डॉक्युमेंटेशन’ एवढेच होते. सुधारणा म्हणजे किती, हे मी मनाने ठरवू शकत नाही. मॅनेजरकडून तीन गोष्टी विचारून फॉर्मवर लिहून घेतल्या: काय केले म्हणजे झाले, कोण बघणार, कधी बघणार. प्रत्येक कामाला या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत मी पान छापत नाही.

शेवटी हातात गेलेला मजकूर असा होता. नाव, पद आणि वर्षाची ओळ सोडून देतो.

‘तुमचे अंतिम रेटिंग ३ आहे (गुण ३.३६). म्हणजे या पदाकडून ठरलेले काम झाले. नवीन ऑपरेटर तयार करण्यात ५, तर उत्पादन आणि सेफ्टी यांत प्रत्येकी ४ मिळाले, म्हणजे तिथे ठरल्यापेक्षा जास्त झाले. स्क्रॅपमध्ये २ मिळाले. स्क्रॅपचा भार १०० पैकी २५ असल्याने एकूण गुण त्यामुळे खाली आले.

स्क्रॅपचे लक्ष्य २.५ टक्के होते, वर्षाची सरासरी ३.४ आली. पहिल्या सहामाहीत ४.१ आणि दुसऱ्या सहामाहीत २.७. एप्रिल ते जूनमध्ये वीज ट्रिप होत होती हे तुमचे म्हणणे नोंदवले आहे. मॅनेजरचे उत्तर: ट्रिप तुमच्या हातात नाही, पण नंतर बॅरल साफ करायला उशीर होतो, त्याने स्क्रॅप वाढतो.

कामातले बळ: तुमच्या शिफ्टमध्ये नवीन माणूस लवकर तयार होतो आणि टिकतो. याशिवाय, सेफ्टीची रोजची बैठक नियमित होते.

बदलायचे दोन: (१) साइज बदलल्यावर सेटिंगची नोंद अर्धवट राहते (ऑक्टोबर, जानेवारी). (२) बिघाड आधी स्वतः उघडून पाहिला जातो आणि नंतर कळवला जातो (फेब्रुवारी, मार्च).

पुढच्या वर्षी करायचे आहे: स्क्रॅप वर्षाच्या सरासरीने २.५ टक्के किंवा कमी, आढावा दर तीन महिन्यांनी. प्रत्येक साइज बदलाचे सेटिंग शिफ्ट संपण्याआधी रजिस्टरमध्ये, क्वालिटी दर महिन्याला पाच नोंदी तपासेल. हीटर किंवा विजेचा बिघाड लाइन थांबल्यापासून दहा मिनिटांत कळवायचा, वेळ ब्रेकडाउन स्लिपवरून पाहिली जाईल.

शिकायचे आहे: प्रोसेस कंट्रोलचे दोन दिवसांचे प्रशिक्षण, जुलैअखेर. तुमचे नाव मॅनेजर पाठवतील.

सलग दोन वर्षे रेटिंग ४ मिळाले, तरच प्रॉडक्शन इंजिनिअर पदासाठी नाव विचारात घेता येते.

यातले काही पटत नसेल तर मीटिंगपासून पंधरा दिवसांत लेखी कळवा. खालची सही कागद मिळाल्याची आहे, मान्यतेची नाही.’

शेवटच्या ओळीवर मी अडून असतो. ‘वाचले व मान्य’ असे छापले की लोक सहीच करत नाहीत किंवा न वाचता करतात. ‘मिळाले’ असे छापल्यावर सही मिळते आणि मनातले म्हणणेही बाहेर येते.

मीटिंगमध्ये त्याने पान पुढे ठेवून विचारलेच, ‘पन साहेब, माले तीनच कसाले?’ घरी अहिराणी बोलणारा माणूस खरे बोलायची वेळ आली की अहिराणीतच बोलतो, म्हणून मीटिंगला ती समजणारे कुणीतरी असावे. मॅनेजरने पानावरची २५ भाराची ओळ दाखवली. पुढची चर्चा एका अंकाची राहिली नाही, ट्रिपनंतर बॅरल कुणी साफ करायचा यावर वीस मिनिटे चालली.

मीटिंग संपताना मी तीन प्रश्न विचारतो आणि पान उलटे ठेवायला सांगतो. रेटिंग कशामुळे एवढे आले? काय बदलायचे आहे? कशाची तपासणी कोण करणार? उत्तर पानापेक्षा वेगळे आले तर चूक माझ्या लिहिण्याची धरतो आणि ती ओळ तिथेच दुरुस्त करतो. या वेळी पहिली दोन उत्तरे बरोबर आली. तिसऱ्याला तो म्हणाला, नोंदी मॅनेजर तपासणार. ‘क्वालिटी तपासेल’ हे लांब वाक्याच्या शेपटीला होते, नजरेतून सुटले. ते वेगळ्या ओळीवर घेतले, पान पुन्हा छापले, दोन्ही प्रतींवर सह्या घेतल्या. एक फाइलला लागली, दुसरी त्याने घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. अकराव्या दिवशी ट्रिपच्या तारखांची यादी घेऊन त्याचे लेखी म्हणणे आले. ते फॉर्मला पुरवणी म्हणून जोडले आणि उत्तरासाठी मॅनेजरकडे पाठवले.